दुसरी परीक्षा आणि चांगले गुण

गेल्या पालकसभेच्या दिवशी सभा आटोपल्यावर एक बाई माझ्यापाशी थांबल्या. त्यांचा धाकटा मुलगा आपल्या शाळेत नववीत शिकतो. यजमान सैन्यात असल्यामुळे वारंवार बदल्या होत, म्हणून थोरल्या मुलीला प्रथमपासूनच केंद्रीय मंडळाच्या शाळेत घातलेले. ती या वर्षी दहावीला आहे. बाईंनी जरा संकोचतच विचारले, "बाई, त्यांच्याकडे आता परीक्षा दोनदा असते म्हणतात. मुलगी दुसऱ्यांदा बसली आणि पहिल्यापेक्षा कमी मार्क पडले, तर हातचे जायचे का हो?"

प्रश्न ऐकून शेजारी उभ्या असलेल्या दोघातिघांनी आपापली उत्तरे देऊन टाकली. एक गृहस्थ म्हणाले, "अर्थातच. शेवटी जे मिळाले तेच खरे धरायचे." दुसरे म्हणाले, "छे, दोन्हींची बेरीज करून टक्केवारी काढतात." तिसऱ्यांच्या मते ज्यात अधिक गुण पडतील ती परीक्षा धरली जाते आणि दुसरी रद्द होते. तिन्ही उत्तरे ठाम होती आणि तिन्ही चुकीची होती. तिसरे मात्र खऱ्याच्या जवळ होते, आणि जे थोडे अंतर उरले होते त्यातच या योजनेचे मर्म आहे. तेव्हा त्या बाईंना जे घाईघाईने सांगितले, ते येथे सावकाश सांगावे, आणि त्याविषयी माझे स्वतःचे मत काय तेही मांडावे, असे मनात आले.

प्रथम हा प्रकार आला कोठून ते पाहू. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात असे म्हटले आहे की, मंडळाच्या परीक्षेचे दडपण कमी व्हावे म्हणून विद्यार्थ्याला एका शालेय वर्षात दोन वेळा परीक्षेस बसण्याची मुभा असावी. एक मुख्य परीक्षा आणि इच्छा असल्यास दुसरी सुधारणेसाठी. त्यास अनुसरून केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे ज्याला आपण सीबीएसई म्हणतो त्या मंडळाने, 2025 च्या जून महिन्यात दहावीसाठी नियम मंजूर केले आणि 2026 पासून ते लागू केले. आपल्या कर्नाटकाच्या मंडळाने तर त्याच्याही आधी, 2024 मध्ये, दहावीच्या एकाच वर्षात पहिली, दुसरी व तिसरी अशा तीन परीक्षा घेतल्या, आणि तेथेही विद्यार्थ्याचे प्रत्येक विषयातील सर्वांत चांगले गुण राखण्याचेच तत्त्व होते. तेव्हा हा विषय परक्या घरचा नव्हे.

केंद्रीय मंडळाची व्यवस्था अशी आहे. पहिली परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होते आणि ती सर्वांना बंधनकारक आहे. तिचा निकाल एप्रिलमध्ये लागावा आणि दुसरी परीक्षा मे महिन्यात होऊन तिचा निकाल जूनमध्ये लागावा, अशी योजना आहे. दुसरी परीक्षा ऐच्छिक आहे. पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला विज्ञान, गणित, समाजशास्त्र आणि भाषा यांपैकी जास्तीत जास्त तीन विषयांत पुन्हा बसता येते. ज्याचा एखादा दुसरा विषय राहिला असेल, त्यालाही त्याच वेळी तो विषय सोडवून घेता येतो. पूर्वी त्यासाठी वेगळी पुरवणी परीक्षा असे. आता मे महिन्याची परीक्षाच तिचे काम करते. अभ्यासक्रम दोन्ही वेळी पूर्णच असतो. दुसरी परीक्षा सोपी असते किंवा अर्ध्या पुस्तकावर असते, ही केवळ समजूत आहे.

येथे एक खड्डा आहे आणि त्यात पाय जाण्याचा संभव मोठा आहे. कित्येक मुलांचा असा तर्क असतो की, दोन परीक्षा आहेत, तर पहिली सोडून देऊ, मे महिन्यापर्यंत अभ्यास करू आणि एकदाच चांगले बसू. असे करता येत नाही. जो विद्यार्थी पहिल्या परीक्षेत तीन किंवा अधिक विषयांना गैरहजर राहील, त्याला दुसऱ्या परीक्षेस बसूच दिले जात नाही. त्याने पुढील वर्षीच्या फेब्रुवारीची वाट पाहावी, असा नियम आहे. दुसरी परीक्षा हा पहिलीला पर्याय नव्हे, तिची दुरुस्ती आहे. ज्यांच्या स्पर्धा परीक्षेच्या दिवशीच येतात असे खेळाडू विद्यार्थी, आणि कडक हिवाळ्याच्या प्रदेशातील शाळांचे विद्यार्थी, यांना मात्र त्यात सवलत ठेवलेली आहे.

आता त्या बाईंचा प्रश्न. गुण धरायचे कोणते? प्रत्येक विषयात दोहोंपैकी जे अधिक असतील ते. हा हिशेब विषयवार होतो, समग्र परीक्षेचा होत नाही, एवढाच त्या तिसऱ्या गृहस्थांच्या उत्तरातील दोष. उदाहरणादाखल एक कल्पित गुणपत्रक घेऊ. प्रत्येक विषय 100 गुणांचा. त्यांपैकी 80 लेखी परीक्षेचे आणि 20 शाळेने केलेल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. समजा, एका मुलीला फेब्रुवारीत इंग्रजीत 81, मराठीत 88, गणितात 58, विज्ञानात 74 आणि समाजशास्त्रात 79 गुण मिळाले. बेरीज 380, म्हणजे शेकडा 76. मे महिन्यात ती शेवटच्या तीन विषयांना पुन्हा बसते.

बसण्यापूर्वी तिने एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अंतर्गत मूल्यमापन वर्षातून एकदाच, पहिल्या परीक्षेपूर्वी होते, आणि तेच गुण दोन्ही वेळी कायम राहतात. म्हणजे गणिताच्या 58 गुणांत 18 अंतर्गत असतील, तर ते 18 च राहणार. जी काही सुधारणा व्हायची ती लेखीच्या 40 गुणांत. समजा, त्या 40 चे 55 झाले. गणितात आता 73 होतात. विज्ञानात लेखीचे 56 होते आणि अंतर्गत 18. मे महिन्यात लेखीत 51 च पडले, म्हणजे एकूण 69. समाजशास्त्रात लेखीच्या 60 चे 66 झाले; अंतर्गत 19 धरून 79 चे 85 झाले.

तिच्या अंतिम गुणपत्रकात काय येईल? इंग्रजी आणि मराठी जसेच्या तसे, गणित 73, समाजशास्त्र 85, आणि विज्ञान पहिल्या परीक्षेतील 74. बेरीज 401, म्हणजे शेकडा 80 हून थोडे अधिक. विज्ञानात ती पाच गुणांनी घसरली, पण त्या घसरणीने तिचे काहीच गेले नाही. जर शेवटची परीक्षा धरण्याचा नियम असता, तर विज्ञानाचे 69 धरून बेरीज 396 झाली असती. जर दोन्हींची सरासरी धरली असती, तर 388. एकाच मुलीच्या त्याच उत्तरपत्रिका, आणि नियम बदलताच तीन निरनिराळ्या बेरजा!

बेरीज किंवा सरासरी धरतात असे म्हणणारे ते गृहस्थ हे कोठून घेऊन आले, हेही सांगण्यासारखे आहे. कारण त्यांची आठवण खोटी नव्हती. साथीच्या काळात, 2021-22 या वर्षी, याच मंडळाने दोन परीक्षा घेतल्या होत्या. पण त्या दोन सत्रांच्या होत्या. अभ्यासक्रमाचे दोन भाग करून एकेका भागावर एकेक परीक्षा झाली, आणि लेखी गुणांत पहिल्या सत्राला 30 टक्के व दुसऱ्याला 70 टक्के वजन देऊन बेरीज केली गेली. तेथे एक परीक्षा म्हणजे अर्धे काम होते. आता प्रत्येक परीक्षा हे पूर्ण काम आहे. दोनदा परीक्षा हे शब्द तेच असले तरी त्यांचा अर्थ पालटला आहे.

आता मतभेदाचा मुद्दा येतो. शिक्षकांच्या खोलीत या नियमावर आमचा वाद झाला. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, चांगले तेवढे ठेवायचे आणि वाईट ते विसरायचे, ही परीक्षाच नव्हे. "धनुर्धराने दोन बाण मारावेत आणि जो लक्ष्याच्या जवळ लागला तेवढाच मोजावा, असे का?" असे त्यांनी विचारले. त्यांच्या मते दुसरी परीक्षा द्यायची तर पहिलीवर पाणी सोडण्याची तयारी हवी.

त्यांच्या आक्षेपात तथ्य आहे, हे प्रथम कबूल करते. परीक्षेचे गुण हे ज्ञानाचे माप असले तरी त्यात दैवाचा अंश असतोच. कधी नेमका वाचलेला प्रश्न येतो, कधी डोके दुखते. हा अंश किती, ते एका साध्या खेळाने पाहू. समजा, एका मुलाची खरी योग्यता 70 गुणांची आहे. पण दिवस वाईट गेला तर 65, बेताचा गेला तर 70 आणि चांगला गेला तर 75 पडतात, आणि तिन्ही दिवसांचा संभव सारखाच आहे. तीन चिठ्ठ्या डब्यात घालून एक काढावी आणि परत टाकून पुन्हा एक काढावी, तसे हे. दोन वेळा मिळून नऊ जोड्या होतात. त्यांपैकी पाच जोड्यांत निदान एकदा तरी 75 असतात, तीन जोड्यांत अधिक गुण 70 असतात आणि केवळ एका जोडीत दोन्ही वेळा 65. चांगले गुण धरण्याच्या नियमाने त्याची सरासरी 72 च्या थोडी वर जाते. मुलाला एक अक्षरही नवे आले नाही, तरी सव्वादोन गुण वाढले! म्हणजे दोनदा बसणाऱ्याचे 80 आणि एकदाच बसणाऱ्याचे 80 हे काटेकोरपणे सारखे नाहीत. शिवाय फेब्रुवारीची प्रश्नपत्रिका आणि मे महिन्याची प्रश्नपत्रिका यांची काठिण्यपातळी तंतोतंत एकच राहील, याची हमी कोण देणार? अभियांत्रिकीच्या जेईई मुख्य परीक्षेचीही दोन सत्रे होतात आणि तेथेही दोहोंपैकी चांगला निकाल धरतात; परंतु तेथे गुण सरळ न घेता, त्या वेळी बसलेल्यांत विद्यार्थी किती जणांच्या पुढे आहे, हे शतमानाने काढून मग तुलना होते. दहावीत गुणांची तुलना सरळच होते.

इतके मान्य करूनही मी सहकाऱ्यांच्या पक्षाला जाऊ शकत नाही, आणि त्याचे कारण त्याच खेळात आहे. शेवटचे गुण धरण्याचा नियम घेऊन पाहा. आता 75 पडलेला कशाला बसेल? 70 पडलेलाही बसणार नाही. त्याला वर जाण्याइतकाच खाली येण्याचा संभव आहे. बसेल तो केवळ 65 वाला, आणि त्याची सरासरी 70 होईल. तिघांची मिळून सरासरी पावणेबहात्तरच्या आसपास येते. म्हणजे ज्या दैवाला आळा घालण्यासाठी हा कठोर नियम करायचा, ते दैव तेथेही जवळजवळ तितकेच राहते. दोन नियमांत अंतर पडते ते जेमतेम अर्ध्या गुणाचे. कारण दुसऱ्यांदा बसायचे की नाही हे विद्यार्थीच ठरवतो, आणि शहाणा विद्यार्थी तोट्यात असेल तेव्हाच बसतो.

मग त्या कठोर नियमाने साधते काय? केवळ भीती. आणि ती भीती सर्वांना सारखी नसते. ज्याच्या घरी शिकलेली माणसे आहेत, ज्याला शिकवणीचे शिक्षक हिशेब करून सांगतात, तो धोका तोलून पाहतो. ज्याच्या घरात दहावीपर्यंत पोचलेला तोच पहिला, त्याचे आईवडील म्हणतात, "पास झालास ना? मग हातचे कशाला घालवतोस?" ज्याच्या गुणांना अपघाताने घसरण लागली, आणि ज्याला दुसरी संधी खरोखर हवी होती, तोच घरी बसतो. चांगले गुण धरण्याच्या नियमाचा खरा लाभ मला येथे दिसतो. तो गुण वाढवतो यापेक्षा, विचारायला कोणी नसलेल्या मुलालाही निर्भयपणे अर्ज भरू देतो, हे मोठे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी मातृभाषा कोंकणी. घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि रस्त्यावर कन्नड अशा तीन प्रवाहांत मी शिकले. दहावीला बीजगणिताच्या पेपराच्या दिवशी मला सडकून ताप होता. वर्षभर ज्या विषयात मी वर्गात पुढे असे, त्यातच मला जेमतेम गुण पडले. मी नापास नव्हते, म्हणून पुन्हा बसण्याचा विचार घरात कोणाच्या मनातही आला नाही. पुढे मी कलाशाखेला गेले आणि तेथे सुखी झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण निवड मी केली की तापाने केली, हा प्रश्न अजून कधीकधी मनात येतो. त्याच वेळी मे महिन्यात एका विषयाला पुन्हा बसता आले असते, आणि पडले तरी काही जात नाही असे कोणी वडिलांना सांगितले असते, तर निदान निवड माझी झाली असती.

तथापि, गुण जात नाहीत म्हणजे काहीच जात नाही, असे मात्र नव्हे. एप्रिलचा निकाल आणि मे महिन्याची परीक्षा यांत अंतर अगदी थोडे असते. तेवढ्यात संपूर्ण अभ्यासक्रम नव्याने शिकून होत नाही. म्हणून दुसरी परीक्षा अपघात दुरुस्त करते; अज्ञान दुरुस्त करण्याइतका वेळ तिच्यापाशी नाही. अकरावीचे प्रवेशही त्याच सुमारास चालू असतात. पहिल्या निकालावर प्रवेश घेता येतो. विषय राहिलेल्यालाही तात्पुरता प्रवेश मिळून दुसऱ्या निकालानंतर तो पक्का होतो. पण अंतिम प्रमाणपत्र दुसऱ्या परीक्षेनंतरच हाती येते. तीन विषयांचे ओझे घेऊन मे काढणारा मुलगा जूनमध्ये दमलेल्या मनाने अकरावीच्या वर्गात येतो, ही किंमत गुणपत्रकात दिसत नाही.

म्हणून त्या बाईंना मी शेवटी एवढेच सांगितले. एप्रिलमध्ये निकाल आला की मुलीच्या वर्षभरातील चाचण्या आणि सराव परीक्षेचे लेखी गुण शेजारी मांडा. आमच्या कल्पित मुलीला विज्ञानात वर्षभर 80 पैकी 55 ते 57 पडत आले असतील आणि परीक्षेत 56 पडले असतील, तर तेथे अपघात झालेला नाही. त्या विषयाला पुन्हा बसून वेळच जाईल. परंतु गणितात एरवी 54-55 पडत असून परीक्षेत 40 च पडले असतील, तर तेथे काहीतरी बिनसले आहे. उत्तरे येत असून वेळ पुरला नाही, की पहिल्याच प्रश्नाने घाबरगुंडी उडाली, ते मुलीला शांतपणे विचारा, आणि तेवढ्याच एका विषयाचा अर्ज भरा. तीन विषयांची मुभा आहे म्हणून तीन घेतलेच पाहिजेत असे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, फेब्रुवारीची परीक्षा ही तालीम आहे असे घरात कोणीही म्हणू नये. ती तालीम मानणाऱ्याला दुसरी परीक्षा कितीशी उपयोगी पडणार?

बाईंनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे पडले तरी आधीचे राहतात. एवढे कळले, बाई. बाकीचे तिच्या बाबांना चिठ्ठीत लिहून कळवते, तुम्ही एकदा कागदावर मांडून द्या." त्यांना दिलेला तो कागदच येथे थोडा विस्ताराने उतरवला आहे. आपल्या शाळेतील मुलांना आणि त्यांच्या घरच्यांनाही तो एप्रिलच्या निकालाच्या दिवशी, अर्ज भरण्यापूर्वी, एकदा उघडून पाहता यावा, एवढ्याचसाठी.